सिस्टिम डेटा नावाची वजाबाकी

मॅकच्या सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात स्टोरेज उघडलं की डिस्कची एक रंगीत पट्टी दिसते. पट्टीखालच्या यादीत ॲप्लिकेशन्स, डॉक्युमेंट्स, फोटो अशा ओळी असतात आणि बहुतेक ओळींच्या टोकाला आत काय आहे ते दाखवणारं छोटं बटण असतं. तळाच्या दोन ओळींना ते नसतं. एक `macOS` आणि दुसरी `System Data`. पहिलीचा आकडा फारसा हलत नाही. दुसरीचा कुणाकडे २० जीबी असतो, कुणाकडे १२०, आणि एकाच मशीनवर सोमवारी एक तर गुरुवारी भलताच. डिस्क भरत आली की माणसाची नजर याच राखाडी पट्ट्यावर जाते आणि प्रश्न येतो, ‘हे सगळं उडवायचं कसं?’

माझं म्हणणं असं आहे, की या प्रश्नाला उत्तर नाही, कारण सिस्टिम डेटा नावाची वस्तूच डिस्कवर नाही. त्या नावाचा फोल्डर नाही, त्याचा एक मालक नाही. डिस्कची वापरलेली जागा घ्या, त्यातून ज्या फायलींना ओळखीच्या रकान्यात बसवता आलं त्या वजा करा. जे उरतं ते सिस्टिम डेटा. घरच्या जमाखर्चात ‘किरकोळ’ या नावाखाली जे जातं तसंच हे. किरकोळ खर्च वाढला म्हणून कुणी ‘किरकोळ’ बंद करू शकत नाही. त्यात रिक्षाभाडं किती, औषधं किती, हे आधी पाहावं लागतं. मॅकवर हा रकाना पूर्वी ‘अदर’ म्हणूनच दिसायचा, आणि ते नाव जास्त प्रामाणिक होतं. २०२१च्या माँटेरेपासून त्याला ‘सिस्टिम’ हा शब्द चिकटला आणि गैरसमज दोन्ही बाजूंनी वाढले. काहींना वाटतं, हे सिस्टिमचं आहे, हात लावला तर मशीन बंद पडेल. काहींना वाटतं, हे सिस्टिमचं आहे, म्हणजे आपलं काही त्यात नाही, बिनधास्त पुसा. दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो.

कारण खरी सिस्टिम इथे नसतेच. २०२०च्या बिग सरपासून मॅकओएस एका वेगळ्या, मोहोरबंद आणि फक्त वाचता येणाऱ्या व्हॉल्यूमवर राहते. टर्मिनलमध्ये `mount` टाइप करून पाहा. पहिल्याच ओळीत `sealed` आणि `read-only` हे शब्द दिसतील. तिथली फाईल चुकून पुसणं सामान्य वापरात शक्यच नाही. तिचं वजन यादीत `macOS` या वेगळ्या ओळीत मोजलेलं असतं. म्हणजे सिस्टिम डेटामध्ये हात घातल्यावर जे खरोखर बिघडू शकतं, ते मॅकओएस नव्हे, तर तुमचं स्वतःचं काम. म्हणून ‘हे सिस्टिमचं आहे का?’ या प्रश्नाने काही साधत नाही. विचारायचे प्रश्न दोन आहेत: ही फाईल कुणी बनवली, आणि ती पुसली तर पुन्हा कशापासून बनेल?

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लग्नाचं शूटिंग करणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे २५६ जीबीचा एम-वन मॅकबुक एअर. (खोक्यावर २५६ असलं तरी सेटिंग्जमध्ये एकूण जागा २४५ दिसते, बाकीच्यातली काही जागा मशीन सुरू करण्याच्या आणि रिकव्हरीच्या छोट्या विभागांत गेलेली असते, ती शोधत बसू नये.) ते एडिटिंग प्रीमियरमध्ये करतात आणि रंगाचं काम दाविंची रिझॉल्व्हमध्ये. रविवारी एका लग्नाचं ५८ जीबी फुटेज लॅपटॉपवर उतरवलं. मंगळवारी रात्री बाहेरची डिस्क लावून टाइम मशीनचा बॅकअप घेतला. गुरुवारी दुपारी काम संपलं, फुटेजचा फोल्डर ट्रॅशमध्ये टाकला, ट्रॅश रिकामा केला. डॉक्युमेंट्सचा आकडा ५८ने उतरला, पण मोकळी जागा जागच्या जागी. उतरलेले ५८ जसेच्या तसे सिस्टिम डेटामध्ये चढले होते. शनिवारी त्यांचा फोन आला, तेव्हा तो रकाना ११२ जीबीवर होता. ‘अहो, मी डिलीट करतोय आणि हा खातोय,’ असं त्यांचं गाऱ्हाणं.

हा खाणारा म्हणजे स्नॅपशॉट. मॅकच्या सिस्टिम डेटामध्ये जे अचानक चढतं आणि अचानक उतरतं, त्याच्या मागे बहुतेक वेळा हाच असतो, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं.

२०१७मध्ये मॅकओएससोबत एपीएफएस ही नवी फाईल-सिस्टिम आली. तिच्यात जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला जात नाही. बदल नव्या जागी लिहिला जातो आणि जुनी जागा मग सोडून दिली जाते. यामुळे एक सोय झाली. एखाद्या क्षणी ‘आत्ता जे जे आहे त्यातलं काही सोडू नका’ एवढी नोंद केली, की तो क्षण जपला जातो. हीच नोंद म्हणजे स्नॅपशॉट. ती करताना काहीही कॉपी होत नाही, म्हणून तिला एक क्षण पुरतो आणि सुरुवातीला तिचं वजन जवळजवळ शून्य असतं. वजन नंतर चढतं, आणि तेही तुम्ही चढवता. स्नॅपशॉट घेतल्यानंतर जे जे तुम्ही पुसता किंवा बदलता, त्याची जुनी प्रत त्याच्या नावावर जमा होत जाते. फुटेजचा फोल्डर तुमच्या लेखी गेला, पण ज्या जागेत तो होता ती जागा स्नॅपशॉटने धरून ठेवली. पट्टी रंगवणाऱ्याला तिथे ना व्हिडिओ दिसतो ना डॉक्युमेंट, म्हणून ती जागा वजाबाकीत उरते.

टाइम मशीनचा आपोआप बॅकअप चालू असेल, तर बाहेरची डिस्क लावलेली असो वा नसो, मॅक साधारण दर तासाला असा एक स्नॅपशॉट घेतो आणि तो २४ तास ठेवतो. शिवाय शेवटच्या यशस्वी बॅकअपच्या वेळचा एक स्नॅपशॉट तो जास्त काळ, जागेची गरज पडेपर्यंत, सांभाळतो. आमच्या गृहस्थांचा हिशेब इथेच लागतो. गुरुवारी दुपारपर्यंतच्या तासातासाच्या स्नॅपशॉटमध्ये फुटेज होतं, पण ते शुक्रवारी दुपारपर्यंत आपसूक गेले. मंगळवार रात्रीचा मात्र शनिवारीही उभा होता, आणि ५८ जीबी एकट्याने धरून होता. त्यांनी बॅकअप शनिवारच्या आधी पुन्हा घेतला असता, तर हा स्नॅपशॉट जाऊन नवा आला असता आणि जागा न मागता मोकळी झाली असती. महिनाभर बॅकअप न घेणाऱ्यांकडे हा एक जुना स्नॅपशॉट म्हणूनच फुगत जातो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. डिस्क युटिलिटी उघडायची, डावीकडे `Data` हे व्हॉल्यूम निवडायचं आणि व्ह्यू मेनूमधून `Show APFS Snapshots` लावायचं. खाली यादी येते, तारखेसह. त्यात एक रकाना `Private Size` असा असतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण तिथेच फसगत होते. तो आकडा म्हणजे फक्त त्याच स्नॅपशॉटने धरलेली जागा. गुरुवारी संध्याकाळी ही यादी उघडली असती, तर फुटेज धरून बसलेले बरेच स्नॅपशॉट दिसले असते आणि प्रत्येकाचा आकडा क्षुल्लक दिसला असता, कारण तीच ५८ जीबी सगळ्यांनी मिळून धरली होती. एक पुसला तर काही सुटत नाही, दहा पुसले तरी काही सुटत नाही; शेवटचा पुसला की सगळं एकदम सुटतं. शनिवारी एकच धारक उरला होता, म्हणून त्याच्यापुढे आकडा खरा दिसत होता.

टर्मिनलमधून हेच असं होतं:

```
tmutil listlocalsnapshots /
sudo tmutil deletelocalsnapshots 2025-02-11-221408
```

पहिल्या ओळीने नावं येतात. त्या नावातला तारीख-वेळेचा भाग दुसऱ्या ओळीत द्यायचा. बॅकअपची इतर सॉफ्टवेअरंही स्वतःचे स्नॅपशॉट घेतात. तसं एखादं वापरत असाल, तर डिस्क युटिलिटीची यादी पाहिलेली बरी.

आता, हे पुसणं सुरक्षित आहे का? मशीनच्या दृष्टीने पूर्णपणे. चालू फायलींना धक्का लागत नाही. पुढच्या बॅकअपला थोडा जास्त वेळ लागू शकतो, इतकंच. पण तुमच्या दृष्टीने उत्तर वेगळं असू शकतं, कारण पुसलेल्या फायलीची कदाचित शेवटची प्रत त्या स्नॅपशॉटमध्येच असते. वधूपक्षाचा फोन येतो, ‘दादा, वरमाला पुन्हा काढून द्या,’ तेव्हा लॅपटॉपवर ते फुटेज फक्त तिथेच असतं. इथे एक गमतीची गोष्ट आहे. ज्या स्नॅपशॉटमुळे जागा अडली होती, तो मंगळवारच्या यशस्वी बॅकअपचाच होता. म्हणजे तेच फुटेज बाहेरच्या डिस्कवर असणार होतं. आम्ही डिस्क लावली, फोल्डर उघडून दोनचार क्लिप चालवून पाहिल्या आणि मग स्नॅपशॉट पुसला. ११२चे ५४ झाले.

ॲपलचं म्हणणं असं असतं, की स्नॅपशॉटची जागा ‘उपलब्ध’ म्हणूनच धरावी, गरज पडली की सिस्टिम ती सोडते. हे बरंचसं खरं आहे, आणि घाईने टर्मिनल उघडण्यापूर्वी एक दिवस थांबणं हा उत्तम सल्ला आहे. पण या धोरणामुळे एकाच डिस्कचे दोन हिशेब होतात. फाइंडर मोकळी जागा सांगताना सोडता येण्याजोगी जागा धरून सांगतो. `df -h` मात्र खरोखर रिकामी असलेलीच जागा सांगतो. दोन्हींत ५० जीबींचा फरक दिसला, तर डिस्क बिघडलेली नाही, मध्ये बहुधा स्नॅपशॉट आहेत. आणि ‘गरज पडली की’ हे नेहमी वेळेवर होत नाही. मोठी फाईल एकदम उतरवायला घेतली की डिस्क भरल्याची सूचना आधी येते, सुटका नंतर. डिस्क अगदी काठोकाठ भरली तर आणखी वाईट: एपीएफएसला पुसण्याची नोंद करायलाही थोडी नवी जागा लागते, त्यामुळे ‘जागा नाही’ म्हणून फाईल पुसणंच नाकारलं जाऊ शकतं. म्हणून दहापंधरा जीबी शिल्लक असतानाच हालचाल करावी.

उरलेल्या ५४मध्ये काय होतं? ते पाहायला होम फोल्डरमधली लायब्ररी मोजायची. ती लपलेली असते; फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शनची कळ दाबून धरली की दिसते. मोजणीसाठी मात्र टर्मिनल बरं:

```
du -xhd 1 ~/Library | sort -h
```

हे चालवण्याआधी प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये टर्मिनलला `Full Disk Access` द्यावा लागतो, नाहीतर बऱ्याच फोल्डरांवर `Operation not permitted` येतं आणि मोजणी कमी भरते. शिवाय हा हुकूम १०२४च्या पटीत मोजतो आणि सेटिंग्ज १०००च्या पटीत. इथले ३१ म्हणजे तिथले ३३. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून हरवलेले दोन जीबी शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

यादीच्या तळाशी अख्ख्या लायब्ररीची बेरीज येते; तिच्या लगेच वर, म्हणजे सर्वांत जड, होता `Application Support`. त्यात आणखी काही पायऱ्या उतरल्यावर हे दोन शेजारी सापडले:

```
Adobe/Common/Media Cache Files
Blackmagic Design/DaVinci Resolve
```

पहिला ३१ जीबी, म्हणजे सेटिंग्जच्या भाषेत ३३. दुसरा काहीशे एमबी. पहिल्यात प्रीमियरने प्रत्येक क्लिपच्या आवाजाच्या तयार करून ठेवलेल्या फायली, दोन वर्षांपूर्वीच्या लग्नांच्यासुद्धा. मूळ फुटेज जवळ असेल, तर त्या सगळ्या पुसता येतात. प्रोजेक्ट पुन्हा उघडला की प्रीमियर थोडा वेळ घेऊन त्या परत बनवतो. दुसऱ्यात रिझॉल्व्हचा प्रोजेक्टांचा डेटाबेस. फुटेज बाहेरच्या डिस्कवर सुखरूप असलं, तरी कुठे कापलं, कुठला रंग दिला, हे सगळं इथे. हा फोल्डर पुसला तर क्लिप राहतील आणि काम जाईल. कशापासूनही ते पुन्हा बनणार नाही. हातानेच पुन्हा करावं लागेल. आणि आमचे गृहस्थ फोन करण्याआधी अख्खा `Application Support` ट्रॅशमध्ये ओढायच्या बेतात होते, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ‘तिथे सगळा कचरा असतो’.

सिस्टिम डेटाचं खरं दुखणं इथे आहे, असं मला वाटतं. ॲपलने डेव्हलपरांसाठी नियम घालून दिलेला आहे: पुन्हा बनवता येण्याजोगं ते `Caches`मध्ये ठेवा, ॲपला टिकवून हवं ते `Application Support`मध्ये. या विभागणीमुळेच सिस्टिमला कळतं की कशाला हात लावावा आणि कशाला नाही. एखाद्या ॲपने ३३ जीबी कॅश टिकाऊ मालाच्या कप्प्यात ठेवली, तर सिस्टिम तिला शिवत नाही, आणि सिस्टिमचं ते वागणं बरोबरच आहे; त्याच कप्प्यात शेजारी तुमचं वर्षाचं काम आहे. मग यादीत बटण का नाही, याचंही उत्तर मिळतं. सिस्टिमलाच माहीत नाही की यातलं काय टाकाऊ आहे. माझी तक्रार वेगळी आहे: पुसायचं बटण नको देऊ, पण दाखव तरी. कुठल्या ॲपच्या नावावर किती जागा आहे, एवढं फोनवर दिसतं. मॅकवर त्यासाठी टर्मिनल उघडावं लागू नये.

सफाईची जी ॲप्स विकली जातात, त्यांचा भर अर्थातच `~/Library/Caches`वर असतो, कारण तिथे निर्धास्त पुसता येतं आणि आकडा डोळे दिपवणारा येतो. पुसणं सुरक्षित आहे, ॲप आधी बंद केलेलं असेल तर. पण ब्राउझरची कॅश पुसली की ब्राउझर ती आठवड्याभरात पुन्हा भरतो, तोवर साइट्स हळू उघडतात, आणि डिस्क होती तिथेच येते. आमच्या गृहस्थांचं तेही करून झालं होतं. मिळालेले सहा जीबी थोड्याच दिवसांत परत गेले. एखाद्या ॲपची कॅश बेताल वाढली असेल किंवा ते ॲपच काढून टाकलं असेल, तर तिचा तेवढाच फोल्डर पुसावा. सरसकट नको.

`/private/var/folders` आणि स्वॅपच्या फायली यांना हाताने काहीच करू नये. चालू प्रोग्रॅम त्या उघडून बसलेले असतात. रॅम कमी आणि उघडी ॲप्स जास्त असली की स्वॅप कित्येक जीबी होतो. मशीन रीस्टार्ट केलं की तो सुटतो. महिनोन्‌महिने फक्त झाकण मिटून लॅपटॉप बाजूला ठेवणाऱ्यांना एका रीस्टार्टमध्येच पाचसात जीबी परत मिळालेले मी पाहिले आहेत.

आयफोनचा मॅकवर घेतलेला बॅकअप मात्र वेगळ्या जातीचा. यादीत `iOS Files` अशी स्वतंत्र ओळ असेल, तर तो तिथे दिसतो. डिस्कवर तो इथे असतो:

```
~/Library/Application Support/MobileSync/Backup
```

आतल्या फोल्डरांची नावं म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, त्यामुळे तो नेमका कचऱ्यासारखा दिसतो. पण तो फोन आज हयात नसेल, विकला असेल किंवा पाण्यात गेला असेल, तर त्यातले मेसेज आणि फोटो पुन्हा बनवायला मूळ उरलेलंच नाही. चालू फोनचा गेल्या वर्षीचा बॅकअप आणि गेलेल्या फोनचा बॅकअप, फोल्डर दिसायला एकसारखे, पण पहिला सहज पुसता येतो आणि दुसरा कधीच नाही. हे काम फोल्डर ओढून न करता फाइंडरमध्ये फोन जोडून `Manage Backups`मधून करावं; तिथे फोनचं नाव आणि तारीख दिसते.

प्रीमियरची कॅशही आम्ही फोल्डर ओढून पुसली नाही. प्रीमियरच्याच सेटिंग्जमध्ये मीडिया कॅशचं पान आहे. सगळे प्रोजेक्ट बंद करून तिथून पुसली, तिची जागा बाहेरच्या एसएसडीवर नेली आणि ठराविक दिवसांपेक्षा जुन्या फायली आपोआप काढायची खूण लावली. रिझॉल्व्हच्या डेटाबेसचा बॅकअप त्याच्या प्रोजेक्ट मॅनेजरमधून घेतला. सिस्टिम डेटा २१ जीबीवर आला. त्यात स्वॅप आहे, ब्राउझर आहे, मेसेजची ॲप्स आहेत, लॉग आहेत, आणि नावानिशी न सापडलेलं थोडंफार आहे. ते तसंच राहू दिलं.